आठवणीतली उंची आणि मोजलेली उंची: किती सेंटिमीटर घटल्यावर हाडांची घनता तपासावी?

वय झाले की माणसाची उंची थोडी कमी होते हे सर्वांना ठाऊक असते, आणि नेमक्या त्यामुळेच ती किती कमी झाली याकडे फारसे कोणी पाहत नाही. दवाखान्यात मात्र या प्रश्नाला आकड्यात उत्तर आहे. अडचण अशी की ते आकडे दोन आहेत, चार सेंटिमीटर आणि दोन सेंटिमीटर, आणि ते दोन निराळ्या घटींसाठी आहेत. नाशिकमध्ये ज्येष्ठांच्या गप्पांत हे दोन्ही आकडे ऐकू येतात. कोणी म्हणते दोन सेंटिमीटरवरच तपासणी करा, कोणी म्हणते चारपर्यंत काळजी नको. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, परंतु दोघे एकाच घटीबद्दल बोलत नसतात.

पहिली घट म्हणजे तरुणपणीची सर्वाधिक उंची वजा आजची उंची. येथे मर्यादा चार सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड इंच. दुसरी घट म्हणजे एकाच व्यक्तीची काही वर्षांच्या अंतराने प्रत्यक्ष मोजलेली उंची आणि तिच्यातला फरक. येथे मर्यादा दोन सेंटिमीटर. अमेरिकेतील हाडांच्या आरोग्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे दोन्ही आकडे असेच स्वतंत्रपणे दिलेले आहेत.

एका घटीला दुप्पट सूट का, हे समजून घेतले तर पुढचा गोंधळ टळतो. पहिल्या घटीत नैसर्गिक झीज मोठ्या प्रमाणावर मिसळलेली असते. मणक्यांमधल्या चकत्या वयानुसार पातळ होतात, पाठ किंचित वाकते, आणि गुडघ्यांची झीज होऊन पाय बाहेरच्या बाजूला वाकले तर तेवढीही उंची जाते. अमेरिकेत बाल्टिमोर येथे अनेक वर्षे चाललेल्या एका अभ्यासात वयाच्या तिसाव्या वर्षापासून सत्तराव्या वर्षापर्यंत पुरुषांची उंची सरासरी तीन सेंटिमीटर आणि स्त्रियांची पाच सेंटिमीटर घटलेली आढळली. ऐंशीपर्यंत हेच आकडे पाच आणि आठ सेंटिमीटर झाले होते. म्हणजे पंचाहत्तरीच्या आजींची उंची चार सेंटिमीटर कमी झाली असेल तर तेवढ्यावरून हाड मोडले आहे असे म्हणता येत नाही. एवढेच म्हणता येते की आता पाहून खात्री करून घ्यायला हवी. तीच घट बासष्टाव्या वर्षी दिसली तर तिचे वजन पुष्कळ जास्त. दुसऱ्या घटीत मात्र चाळीस वर्षांची झीज मिसळलेली नसते. दोन-तीन वर्षांत दोन सेंटिमीटर जाणे चकत्यांच्या संथ झिजेने सहसा घडत नाही, म्हणून तेथे एखादा मणका खचल्याची शंका आधी घ्यावी लागते.

पहिल्या घटीची आणखी एक अडचण म्हणजे तरुणपणीची उंची बहुधा आठवणीवर सांगितली जाते. लग्नाच्या वेळी दिलेल्या माहितीत लिहिलेली उंची बऱ्याचदा एक-दोन इंचांनी उदार असते. सरकारी नोकरी केलेल्यांना यावर चांगला आधार मिळतो, कारण सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर बुटाशिवाय मोजलेली उंची नोंदवलेली असते. जिल्हा परिषदेचे शिक्षक, नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातले कामगार, देवळालीच्या तोफखाना केंद्रातून निवृत्त झालेले जवान यांच्या शहरात अशी जुनी, मोजून लिहिलेली उंची शोधणे अवघड नाही. ती कागदोपत्री मिळाली तर आठवणीपेक्षा तीच धरावी.

एका जोडप्याच्या काल्पनिक, पण नेहमीच्या वाटणाऱ्या उदाहरणातून हे स्पष्ट होईल. बाईंचे वय बासष्ट, त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. लग्नाच्या वेळी त्यांची उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे १५७.५ सेंटिमीटर सांगितली होती, पण सेवापुस्तकात १५५ सेंटिमीटर आहे. आज मोजली तर १५०.४ भरते. लग्नाची उंची धरली तर घट सात सेंटिमीटरहून अधिक येते आणि घरचे घाबरतात. सेवापुस्तकातली धरली तर ४.६ येते. खरी घट ही दुसरी, आणि तीही चार सेंटिमीटरची मर्यादा ओलांडते. वयाच्या पासष्टीनंतर स्त्रियांची आणि सत्तरीनंतर पुरुषांची घनता तपासावी, असे याच सूचना उंचीचा विचार न करताही सांगतात. बाई त्या वयाच्या आतल्या आहेत, म्हणून त्यांच्या बाबतीत ही घट तपासणी अलीकडे आणणारे कारण ठरते.

त्यांची डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी, तपासणी होते. तिच्यातला टी-स्कोर म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या घनतेशी केलेली तुलना. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोर उणे १.४ आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा उणे २.१ येतो. उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर अस्थिसुषिरता म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, आणि उणे १ ते उणे २.५ यांच्या दरम्यान असेल तर हाडे विरळ होऊ लागली आहेत, असा नेहमीचा अर्थ लावला जातो. या अहवालावर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन बाईंना घरी पाठवले जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि चूक नेमकी येथे होते. उंची घटल्यामुळे तपासणी करायची ठरले असेल तर घनता हा प्रश्नाचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा भाग मणका खचला आहे का हा आहे, आणि त्याचे उत्तर पाठीच्या व कमरेच्या मणक्यांच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेतून मिळते. काही डेक्सा यंत्रांवर त्याच वेळी मणक्यांची अशी बाजूची प्रतिमा घेता येते. ती मागितली तर वेगळा एक्स-रे लागत नाही.

बाईंच्या एक्स-रेत पाठीच्या बाराव्या मणक्याची पुढची उंची मागच्या उंचीपेक्षा सुमारे सत्तावीस टक्के कमी दिसते. मणका पाचरीसारखा झाला आहे. पडल्याशिवाय, अपघाताशिवाय असा मणका खचला असेल आणि दुसरे कारण सापडत नसेल तर टी-स्कोर काहीही असो, ती अस्थिसुषिरताच मानली जाते आणि उपचार त्या दर्जाचे लागतात. असे खचणे बहुतेकांना कळतही नाही. साधारण तीनपैकी दोन जणांना तेव्हा वैद्याकडे जावेसे वाटेल इतके दुखत नाही, किंवा दुखले तरी ते कंबरदुखीच्या नावावर जमा होते. ताजा खचलेला मणका सापडलेल्या स्त्रियांपैकी जवळपास पाचातल्या एकीला वर्षभरात दुसरा मणका खचल्याचे अभ्यासात दिसलेले आहे. एक्स-रे पुढे ढकलू नये असे मी आग्रहाने लिहितो ते याच कारणाने.

आता त्यांचे यजमान, वय सहासष्ट, छापखान्यातून निवृत्त झालेले. भरतीच्या वेळी उंची १६९ सेंटिमीटर होती, आज १६५.६ आहे. घट ३.४ सेंटिमीटर, म्हणजे मर्यादेच्या आत, असे म्हणून त्यांना सोडून देणे सोपे आहे. परंतु मधुमेहासाठी ते ज्या दवाखान्यात जातात तेथे दर वर्षी त्याच यंत्रावर उंची मोजतात, आणि दोन वर्षांपूर्वीची नोंद १६७.९ आहे. म्हणजे पहिल्या चाळीसेक वर्षांत केवळ १.१ सेंटिमीटर गेले आणि शेवटच्या दोन वर्षांत २.३ गेले. चारचा आकडा त्यांना सुखरूप ठरवतो, दोनचा आकडा त्यांना एक्स-रेकडे पाठवतो, आणि या दोहोंत दुसरा अधिक भरवशाचा, कारण तो दोन प्रत्यक्ष मोजमापांवर उभा आहे.

हा भरवसा मोजण्याच्या पद्धतीवर टिकून असतो. माणूस रात्री आडवा झाला की चकत्या पाणी शोषून फुगतात आणि दिवसभरात दबतात, त्यामुळे सकाळच्या आणि संध्याकाळच्या उंचीत एक ते दोन सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, आणि त्यातला बराचसा फरक उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच पडतो. एका वर्षी सकाळी आठला आणि दुसऱ्या वर्षी संध्याकाळी सहाला मोजले तर मर्यादा मोजमापाच्या वेळेनेच ओलांडली जाईल. म्हणून वेळ तीच ठेवावी. पादत्राणे आणि मोजे काढावेत, अंबाडा किंवा जाड वेणी सोडावी, टाचा, नितंब आणि शक्य असल्यास खांदे भिंतीला टेकावेत, नजर समोर ठेवावी. भिंतीला पक्की बसवलेली मोजपट्टी आणि डोक्यावर सपाट टेकणारी सरकती पट्टी असलेले यंत्र उत्तम. वजनकाट्याला जोडलेला उंचीचा सैल दांडा या कामाचा नाही. प्रत्येक वेळी माणसाला बाजूला करून पुन्हा उभे करावे, तीनदा मोजावे आणि सरासरी लिहावी. घरी दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेली खूणही चालते, फक्त डोक्यावर वही काटकोनात धरावी, नाहीतर खूण एक सेंटिमीटर वर-खाली होते.

सरळ उभे राहणे ज्यांना जमतच नाही त्यांच्यात सेंटिमीटरच्या आकड्यापेक्षा शरीर अधिक स्पष्ट सांगते. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवूनही डोक्याचा मागचा भाग भिंतीला लागत नसेल तर पाठीचा मणका खचला असण्याची शंका येते. बाजूने पाहिले असता शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यात दोन बोटांइतकेच किंवा त्याहून कमी अंतर उरले असेल तर कमरेच्या मणक्यांकडे लक्ष द्यावे. उलट, उंची मुळीच न घटलेल्या माणसाचाही मणका खचलेला असू शकतो. एका मणक्याची उंची सुमारे अडीच सेंटिमीटर असते. तिच्या पुढच्या बाजूचा चौथा हिस्सा दबला तरी थेट नुकसान काही मिलिमीटरांचेच होते, आणि ते मोजपट्टीच्या चुकीत सहज विरून जाते.

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकसारख्या ठिकाणी सकाळी फिरायला जाणाऱ्यांना कधी घनता तपासणीच्या शिबिराची पत्रके मिळतात. तेथे टाचेवर बसवायचे अल्ट्रासाउंडचे यंत्र असेल तर त्यावरचा चांगला आकडा उंची घटलेल्या माणसाला आश्वासन देण्याइतका नसतो. त्याला कंबर आणि मांडीच्या हाडाची डेक्सा तपासणीच हवी. वयस्कांत कमरेच्या मणक्यांचा आकडाही फसवू शकतो, कारण मणक्यांच्या कडेला वाढलेली हाडे आणि स्वतः दबून घट्ट झालेला मणका, दोन्ही घनता वाढवून दाखवतात. अहवालात कमरेचा आकडा चांगला आणि मांडीचा वाईट आला तर मांडीचा धरावा.

मणका खचलेला सापडला म्हणून कारण केवळ हाडांची विरळताच असेल असेही नाही. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आढळतो, आणि या वयात दुसरीकडून पसरलेला कर्करोग किंवा मायलोमा हा हाडांच्या मज्जेतला कर्करोग यांनीही मणका खचतो. बारीक ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारे दुखणे, पायांत अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही असेल तर डेक्साची तारीख मिळेपर्यंत थांबू नये, लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. आणि पाण्याची बादली उचलताना किंवा नुसते खोकताना पाठीत अचानक कळ आली आणि ती दोन-चार दिवसांत ओसरली नाही, तर उंची मोजायच्या आधी एक्स-रे काढून घ्यावा.