हवाईचा ज्वालामुखी कडेवर नाही

"ज्वालामुखी भूपट्टांच्या कडेलाच असतात ना?"

नाही. हवाईचा किलाउआ पॅसिफिक भूपट्टाच्या ऐन मध्यात आहे, कडेपासून हजारो किलोमीटर दूर. तिथे खोलवरून तापलेला खडक वर चढतो आणि दाब घटला की थोडा वितळतो. हा उष्णबिंदू जवळपास जागच्या जागी राहतो, वरचा भूपट्ट मात्र वायव्येला सरकतो. म्हणून वायव्येकडे जाल तसं बेट जुनं होत जातं. काउआई बघा: लाव्हा केव्हाच थंडावला, पावसाने खोल दऱ्या कोरल्या, माती गंजासारखी लाल. ते किलाउआपासून सुमारे 500 किलोमीटरवर आहे, वय अंदाजे 50 लाख वर्षं. म्हणजे वेग वर्षाला 10 सेंटिमीटर. मात्र त्याच साखळीतल्या जुन्या, बुडालेल्या एम्परर पर्वतांना हा हिशेब सरळ लावू नका. त्या काळात उष्णबिंदूही दक्षिणेला सरकत होता.