श्रेयनामावली पडद्यावर पुढून मागे कशी गेली

जुन्या चित्रपटांत जवळपास सगळी नावं सुरुवातीलाच यायची आणि शेवटी 'समाप्त'ची एक पाटी. पाट्या हातानं रंगवलेल्या असत आणि त्या चालू असताना प्रेक्षक जागा शोधत असत. 1955 साली 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'साठी ग्राफिक डिझायनर सॉल बासनं कागद कापून केलेल्या पांढऱ्या पट्ट्या काळ्या पडद्यावर सरकवल्या आणि शेवटी त्यांचा वाकडातिकडा हात केला. विषय व्यसनाचा होता. कथेतला एकही प्रसंग न दाखवता तो ताण पहिल्या मिनिटातच जाणवला. नामावली हा चित्रपटाचाच भाग आहे, हे तिथून पक्कं झालं.

पुढे तंत्रज्ञांची यादी वाढत गेली आणि बरीचशी नावं शेवटाकडे सरकली. जॉर्ज ल्युकसनं 'स्टार वॉर्स'मध्ये सुरुवातीची नामावली जवळजवळ काढूनच टाकली. 1980 च्या पुढच्या भागात दिग्दर्शकाचं नाव शेवटी गेलं म्हणून दिग्दर्शक संघटनेनं दंड केला आणि ल्युकसनं संघटना सोडली.

आजच्या लघुपटात हीच विभागणी सोयीची पडते: सुरुवातीला शीर्षक आणि फार तर दोन-तीन नावं, बाकी सगळं शेवटी. पण शेवटची सरकती यादीही मूड बिघडवू शकते. हळव्या शेवटानंतर अक्षरं थरथरली की डोळा तिथेच अडकतो. कारण साधं आहे: यादी दर फ्रेमला पूर्ण पिक्सेलनं सरकली नाही, तर अक्षरांच्या कडा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या दिसतात. पातळ आडव्या रेषांवर हे आधी कळतं, म्हणजे देवनागरीत शिरोरेषेवरच.

हिशोब असा करावा. पडदा 1080 पिक्सेल उंच, वेग सेकंदाला 24 फ्रेम, यादी 30 ओळींची, ओळ 60 पिक्सेलची. यादी 1800 पिक्सेल, अधिक पडद्याची उंची, एकूण 2880. दर फ्रेमला 3 पिक्सेल धरले तर 960 फ्रेम, म्हणजे 40 सेकंद. आता संगीत 35 सेकंदांतच संपत असेल, तर बहुतेक जण यादी सरळ दाबून बसवतात. सरकण्याचा वेग दर फ्रेमला 3.43 पिक्सेल होतो आणि थरथर सुरू होते. त्याऐवजी वेग 4 करून ओळीची उंची 76 करावी: 2280 अधिक 1080, म्हणजे 3360. ते बरोबर 840 फ्रेम, 35 सेकंद. वेग 3 ठेवायचा तर ओळ 48 वर येते, पण तेवढ्यात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडू लागतात, अक्षर लहान करावं लागतं.

चित्रपट संथ असेल तर मात्र आम्ही सरकती यादी टाळून पाट्याच सुचवू. एका पाटीवर चार-पाच नावं, प्रत्येक पाटी सुमारे 4 सेकंद. पाटी बदलायची ती संगीताच्या ठोक्यावर नाही, तर स्वर विरत असताना.