आंब्यावरचे बांडगूळ : छायाचित्रावरून ओळख आणि नुकसानीचा अंदाज

कोकणातल्या जुन्या हापूस कलमावर करड्या-हिरव्या पानांचा वेगळाच झुबका दिसला, तर ते बहुधा बांडगूळ असते. महाराष्ट्र-गोव्यात सर्रास आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव डेंड्रॉफ्थी फाल्काटा. हिरव्या पानांमुळे ते स्वतःचे अन्न तयार करते, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीतून ओढते. म्हणून त्याला अर्धपरोपजीवी म्हणतात. बोरीवर किंवा मेंदीच्या कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे टाकणारी अमरवेल मात्र तयार अन्नही शोषते. तिला पाने नसतात आणि एकदा आधार पकडला की जमिनीशी संबंधही उरत नाही, त्यामुळे ती फोटोत लगेच ओळखू येते. किनाऱ्यालगतची आकाशवेल तिच्यासारखीच दिसते, पण ती अधिक हिरवट आणि चिवट असते व तिला गरयुक्त गोल फळे येतात.

बांडगूळ ओळखताना पानांपेक्षा सांधा पाहावा. बांडगूळ जिथे फांदीला चिकटते तिथे गाठ येते, आणि तिच्यापासून सालीवर सरपटत जाणारी, करंगळीएवढी किंवा बारीक मुळे निघतात. ही मुळे पुढे जागोजागी फांदीत नवी शोषकमुळे रोवतात. सीतेच्या वेणीसारखी आमरे, म्हणजे ऑर्किड, मात्र झाडावर नुसती बसलेली असतात. त्यांची मुळे सालीवर पसरतात, पण फांदी फुगत नाही, आणि त्यांच्याकडून झाडाचे अन्नपाणी जात नाही. नेमका हा फरक दाखवणारा जवळचा फोटो बरेचदा पाठवलेलाच नसतो. तो नसेल तर मागवून घ्यावा. पानांवरूनही मदत होते : आंब्याचे पान टोकदार असते, बांडगुळाचे जाड, चामड्यासारखे आणि बोथट. नळीसारखी नारिंगी-लालसर फुले दिसली तर शंका राहत नाही. झुबक्यावर पिवळट सुरवंटांचे घोळके असतील तर तीही चांगली खूण आहे, कारण हळदीकुंकू हे फुलपाखरू बांडगुळावर अंडी घालते.

नुकसान मोजण्यासाठी अमेरिकी वनशास्त्रज्ञ फ्रँक हॉक्सवर्थ यांची १९७७ ची पद्धत उपयोगी पडते. ती सूचिपर्णी वृक्षांवरच्या खुज्या बांडगुळांसाठी केलेली आहे, म्हणून आंब्यावर तिचा उपयोग तुलनेपुरताच करावा. झाडाच्या डोलाऱ्याचे वर, मध्ये, खाली असे तीन भाग करायचे. भागात बांडगूळ नसेल तर ०, निम्म्या किंवा कमी फांद्यांवर असेल तर १, निम्म्याहून जास्त फांद्यांवर असेल तर २ गुण. बेरीज ० ते ६ येते.

समजा, एका कलमाचे चारही बाजूंनी फोटो आहेत. वरच्या भागातल्या १० ठळक फांद्यांपैकी ६ वर झुबके आहेत, म्हणून २. मधल्या ९ पैकी ३ वर, म्हणून १. खाली काहीच नाही. एकूण ३, म्हणजे मध्यम. पण इथे थांबू नये. वरच्या दोन फांद्यांचा झुबक्यापुढचा भाग वाळून गळून गेला आहे आणि बांडगूळच फांदीचे टोक होऊन बसले आहे. त्या फांद्या फळासाठी गेल्याच. उरलेल्या चार फांद्यांवर झुबक्यापुढची पाने लहान आणि विरळ आहेत, पण जिवंत आहेत. वाचवण्यासारख्या आहेत त्या या. माझ्या मते आकड्यापेक्षा हे वाचन जास्त मोलाचे.

फांदी वाळण्याचे कारणही तपासावे. बांडगुळामुळे वाळलेला भाग सांध्यापासून पुढे सुरू होतो. सांध्याच्या अलीकडची फांदीही वाळली असेल आणि बांडगूळसुद्धा कोमेजले असेल, तर दोष आणखी खाली आहे. खोडावर छिद्रे आणि भुसा दिसतो का ते पाहावे, कारण भिरुड लागलेले असू शकते.

फोटोतला आकडा नेहमी कमीच भरतो. फुलटोच्या हा पक्षी बांडगुळाचे फळ खाऊन चिकट बी फांदीवर सोडतो, आणि त्यातून आलेली दोन पानांची रोपे जमिनीवरून दिसत नाहीत. आंबा सदाहरित असल्याने आतले झुबकेही झाकले जातात. तांबूस पालवी असताना काढलेला फोटो तर हमखास फसवतो. पालवी जून झाल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढावा.

नुसता झुबका छाटला तर सालीवरच्या मुळांतून तो पुन्हा फुटतो. शेवटच्या शोषकमुळापासून साधारण ३० सेंमी खोडाकडे फांदी कापून जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी, तीही बांडगुळाची फळे पिकण्याआधी. सांधा खोडाच्या बेचक्यात असेल तर फांदी कापून उपयोग नाही. तिथे मुळे सोलून काढावी लागतात, आणि पुढच्या वर्षी त्याच जागेवरून फोटो काढून नवी फूट आली का ते ताडून पाहावे लागते.