बफर गिटारच्या बाजूला जोडा, मिक्सरच्या नाही

आमचा जेफेट बफर, म्हणजे गिटार आणि मिक्सरच्या मध्ये जोडायचा छोटा डबा, घेऊन गेलेले निम्मे ग्राहक आठवड्याभरात एकच तक्रार घेऊन परत येतात: "काही फरकच पडला नाही." डबा ठाण्यातल्या आमच्या टेबलावर उघडावा, तर तो व्यवस्थित चालू असतो. गडबड असते ती जोडणीत.

पिकअप म्हणजे तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी. ३ हेन्रीचा पिकअप घ्या. साडेतीन किलोहर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे ६५ किलोओम होतो. मिक्सरच्या १० किलोओमच्या लाइन इनपुटला तो थेट जोडला, तर त्या उंच सुरांचा जेमतेम सातवा हिस्सा मिक्सरपर्यंत पोचतो. जाड तारांचे सूर मात्र बऱ्यापैकी टिकतात, म्हणून आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो.

बफरमधला जेफेट हा एक ट्रान्झिस्टर. त्याच्या गेटमधून, म्हणजे सिग्नल आत येतो त्या टोकातून, प्रवाह जवळपास वाहतच नाही, कारण तिथलं जंक्शन उलट्या दिशेने लावलेलं असतं. त्यामुळे पिकअपला फक्त आम्ही गेटला लावलेला १ मेगओमचा रेझिस्टर दिसतो, आणि तो त्याला जड जात नाही. सोर्सवर, म्हणजे बाहेर पडायच्या टोकावर, तोच सिग्नल किंचित कमी व्होल्टेजने पण दमदार मिळतो. पुढचे १० किलोओम तो सहज चालवतो. "१० मेगओम का नाही लावत?" असं विचारतात. बहुतेक गिटार अॅम्पचं इनपुट १ मेगओमच्या आसपास असतं, पिकअपचा ओळखीचा आवाज त्याच्यावरच बसलेला आहे. म्हणून आम्ही मुद्दाम तेवढंच ठेवतो.

आता खरी चूक. ऐरोलीच्या एका ग्राहकाने गिटारपासून ६ मीटर केबल ओढली होती आणि बफर मिक्सरला चिकटवून ठेवला होता. केबलच्या प्रत्येक मीटरमागे साधारण १०० पिकोफॅराड कपॅसिटन्स असतो. पिकअपचा स्वतःचा शंभरेक धरला, तर ७०० झाला. तेवढ्याने आवाजाची धार साडेतीन किलोहर्ट्झलाच संपते, मग बफरच्या इनपुटचा अडथळा कितीही मोठा असो. कपॅसिटन्स बफरच्या आधीच लागलेला असतो, तो बफर पुसून काढू शकत नाही. आम्ही त्यांच्यासमोर केबल बदलल्या: अर्धा मीटर गिटार ते बफर, ६ मीटर बफर ते मिक्सर. धार साडेसात किलोहर्ट्झपर्यंत सरकली. पहिली तार छेडताच ते म्हणाले, "हा, हेच हवं होतं."

घरीही करून पाहा. व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि दोन्ही केबलची जागा बदलून तीच तार छेडा. फरक ऐकूच आला नाही, तरच डबा आणा. मऊ, गोलसर आवाज आवडत असेल तर लांब केबल आधी ठेवा, त्यात चूक नाही. जर्मेनियम फझ पेडल वापरत असाल तर तो बफरच्या आधी जोडा, त्याला पिकअपचा थेट संबंध लागतो.

अर्ध्या मीटरची केबल आम्ही बनवून देतो. पट्ट्याला अडकवता येणारा छोटा डबाही मिळतो, म्हणजे चुकीच्या टोकाला जोडायची वेळच येत नाही.