पदार्थनिहाय नफा-विश्लेषण (उपाहारगृह)

उपाहारगृहातल्या प्रत्येक पदार्थाचा खप आणि एका प्लेटमागे सुटणारे पैसे शेजारी-शेजारी मांडून, भरपूर खपणारे पण जेमतेम कमावणारे पदार्थ हुडकण्याची ही पद्धत. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मायकेल कसावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये तिची चौकट मांडली. अशा पदार्थांना त्यांनी ‘नांगराचे घोडे’ म्हटले.

प्लेटमागचे मार्जिन म्हणजे विक्रीकिमतीतून कच्चा माल, तेल, चटणी आणि पार्सलचा डबा वजा जाता उरलेली रक्कम. भाडे आणि आचाऱ्याचा पगार यात धरत नाहीत. ते खपाच्या प्रमाणात वाटले की सर्वाधिक खपणारा पदार्थ विनाकारण तोट्यात दिसतो. तो बंद केला तरी भाडे तेवढेच राहते आणि उरलेल्या पदार्थांच्या डोक्यावर बसते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. साबुदाणा वड्याची प्लेट ५० रुपयांना जाते, खर्च ३३, सुटतात १७. रोजचा खप १२० प्लेट. बटाटेवड्याची प्लेट ४० रुपयांची, सुटतात २२, खप ८०. दिवसाचे मार्जिन अनुक्रमे २,०४० आणि १,७६० रुपये, म्हणजे वरवर साबुदाणा वडाच पुढे. पण कढई एकच असेल तर चित्र पालटते. दहा प्लेटच्या घाण्याला साबुदाणा वड्यासाठी आठ मिनिटे आणि बटाटेवड्यासाठी चार लागतात असे धरले, तर कढईच्या एका मिनिटाला पहिला सुमारे २१ रुपये देतो, दुसरा ५५.

म्हणून साबुदाणा वडा लगेच काढावा असे मात्र नाही. तो गेला तर २,०४० रुपये भरून काढायला बटाटेवड्याच्या आणखी ९३ प्लेट खपाव्या लागतील. सकाळच्या गर्दीत बटाटेवड्यासाठी ताटकळून गिऱ्हाईक परत जात असेल तरच हे जमते. कढई एरवी रिकामीच राहत असेल तर वाचलेल्या मिनिटांचा काही उपयोग नाही. शिवाय निम्मे गिऱ्हाईक वड्याबरोबर चहा घेत असेल आणि चहामागे ८ रुपये सुटत असतील, तर आणखी ४८० रुपये जातात. ही जोडखरेदी बिलांवरूनच कळते, मालकाच्या अंदाजावरून नाही.

त्यामुळे आधी भाव हलवून पाहतात. प्लेट ५५ रुपयांना केली तर सुटणारे पैसे २२ होतात आणि खप ९३ प्लेटपर्यंत घसरला तरी वड्याची कमाई तेवढीच राहते, वर कढई मोकळी होते. भाव चढवणे शक्य नसेल तर एकादशी, चतुर्थी अशा उपवासाच्या दिवशीच पदार्थ ठेवायचा आणि एरवी काढायचा, हा शहाणपणाचा मध्यममार्ग. चाचणी घेताना दोन आठवड्यांचे तेच वार घेऊन एकूण मार्जिन ताडून पाहावे. नुसता गल्ला पाहिला तर पदार्थ काढणे जवळपास नेहमीच चूक वाटते, कारण विक्री घटलेली असते.