मोठ्या रास्टरमधला हवा तेवढाच तुकडा: क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफची पार्श्वभूमी

टिफ फाइलची सुरुवात अवघ्या आठ बाइटच्या हेडरने होते आणि त्यातली शेवटची चार बाइट एकच गोष्ट सांगतात: चित्राची माहिती देणारी पहिली सूची फाइलमध्ये कितव्या बाइटपासून सुरू होते. या सूचीला इमेज फाइल डिरेक्टरी, म्हणजेच आयएफडी, म्हणतात. चित्राची रुंदी, उंची, कॉम्प्रेशनची पद्धत आणि चित्राचा प्रत्येक तुकडा फाइलमध्ये नेमका कुठे ठेवला आहे, हे सगळे तिच्यात नोंदलेले असते. मात्र ही सूची कुठे असावी याचे बंधन टिफने कधीच घातले नाही. ती पहिल्या किलोबाइटमध्ये असू शकते, तशीच शेवटच्या बाइटलगतही असू शकते. आल्डस कंपनीने १९८६ मध्ये हा फॉरमॅट आणला तेव्हा फाइल संगणकाच्या डिस्कवरच असायची आणि डिस्कवर पुढे-मागे उडी मारणे स्वस्त होते, त्यामुळे या मोकळीकीचा कोणालाच त्रास झाला नाही. फाइल दूरच्या सर्व्हरवर असली की मात्र अशी प्रत्येक उडी ही नवी विनंती ठरते. आजच्या सीओजीची, म्हणजे क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफची, बरीचशी कहाणी या एका मोकळीकीला आवर घालण्याची आहे.

लागणारे बाकीचे सुटे भाग बरेच आधी तयार झाले होते. १९९२ च्या टिफ ६.० मध्ये चित्र आडव्या पट्ट्यांऐवजी चौकोनी टाइलमध्ये साठवण्याची सोय आली. १९९० च्या दशकाच्या मध्यास नाइल्स रिटर आदींनी टिफमध्ये भौगोलिक संदर्भ नोंदवण्याचे टॅग ठरवले आणि जिओटिफ आकाराला आला. १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने फाइलमधील ठरावीक बाइटच मागण्याची, म्हणजे रेंज रिक्वेस्टची, पद्धत दिली. असा तुकडा देताना सर्व्हर २०६ हा कोड पाठवतो. हे तिन्ही भाग एकत्र येण्यास मात्र वेळ लागला. २००८ मध्ये लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमांचा संग्रह सर्वांसाठी मोफत खुला झाला, तरी एका दृश्यासाठी सगळे बँड, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रतिमा, एकत्र बांधलेली मोठी संकुचित फाइल उतरवून घ्यावी लागे, मग अभ्यासाचे क्षेत्र त्यातला एखादा कोपरा का असेना.

पुढचे महत्त्वाचे पाऊल एव्हन रुओ यांचे. जीडाल हे भौगोलिक रास्टर वाचण्या-लिहिण्याचे मुक्त सॉफ्टवेअर. २०११ च्या आरंभी आलेल्या त्याच्या १.८ आवृत्तीत त्यांनी `/vsicurl/` ही सोय दिली, जिच्यामुळे दूरच्या सर्व्हरवरील फाइल स्थानिक असल्यासारखी उघडता येऊ लागली. २०१५ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर लँडसॅट ८ ची दृश्ये ठेवली गेली ती प्रत्येक बँड सुटा आणि आतून टाइल केलेला, अशा रूपात. तिथे लहान रिझोल्यूशनच्या प्रती, म्हणजे ओव्हरव्ह्यू, शेजारच्या वेगळ्या `.ovr` फाइलमध्ये होत्या. २०१६ मध्ये रुओ यांनी जीडालच्या विकीवर फाइलची मांडणी कशी असावी याचे नियम लिहिले आणि प्लॅनेट कंपनीतील क्रिस होम्स यांच्यासह अनेकांनी ते सीओजी या नावाने रुजवले. नियम थोडकेच होते: टाइल असाव्यात, ओव्हरव्ह्यू त्याच फाइलमध्ये असावेत आणि सर्व आयएफडी फाइलच्या आरंभी असाव्यात. नवा फॉरमॅट काढला असता तर जुन्या सॉफ्टवेअरला तो वाचता आला नसता. नुसता क्रम ठरवल्यामुळे सीओजी आजही जुन्या टिफ वाचकांत सहसा उघडते. या कामातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मला हाच वाटतो.

या क्रमाने काय साधते ते एका उदाहरणावर पाहू. सेंटिनेल-२ उपग्रहाचा १० मीटरचा बँड १०,९८० × १०,९८० पिक्सेलचा असतो. प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट धरल्यास कॉम्प्रेशनविना ही फाइल सुमारे २४१ मेगाबाइटची होते. ५१२ पिक्सेलच्या टाइल केल्यास २२ × २२, म्हणजे ४८४ टाइल होतात. वाचक आधी साधारण १६ किलोबाइटचा आरंभ मागवतो. त्यात आयएफडी आणि या टाइलच्या जागा मावतात. मग ६०० × ६०० पिक्सेलच्या चौकटीसाठी, ती टाइलच्या रेषांवर कशी पडते त्यानुसार, चार ते नऊ टाइल लागतात, म्हणजे कॉम्प्रेशनविना दोन ते पावणेपाच मेगाबाइट. तीच फाइल एकेका ओळीच्या पट्ट्यांत असती तर चौकटीच्या ६०० ओळींसाठी पूर्ण रुंदीच्या ६०० पट्ट्या, म्हणजे सुमारे १३ मेगाबाइट, आणावे लागले असते. खरा फरक मात्र सगळे दृश्य एकदम पडद्यावर पाहताना जाणवतो. ओव्हरव्ह्यू नसतील तर त्यासाठी पूर्ण फाइल वाचावी लागते; असतील तर ३४४ पिक्सेल रुंदीची सर्वांत लहान प्रत, म्हणजे एकच टाइल, पुरते. बदल्यात फाइल साधारण एक तृतीयांशाने वाढते.

सुरुवातीच्या वर्षांत ही मांडणी दोन टप्प्यांत करावी लागे:

```
gdaladdo -r average in.tif 2 4 8 16 32
gdal_translate in.tif out.tif -co TILED=YES -co COMPRESS=DEFLATE -co COPY_SRC_OVERVIEWS=YES
```

अनेकांची गफलत इथेच होई. पहिली आज्ञा ओव्हरव्ह्यू फाइलच्या शेवटी जोडते आणि त्यांच्या आयएफडीही तिथेच जातात. दुसरी आज्ञा गाळली, किंवा क्रम उलटा केला, तर फाइल दिसायला ठीक असते, सगळीकडे उघडते, पण वाचकाला ओव्हरव्ह्यू शोधायला फाइलच्या टोकापर्यंत जाऊन जास्तीच्या विनंत्या कराव्या लागतात. मे २०२० च्या जीडाल ३.१ मध्ये स्वतंत्र `COG` ड्रायव्हर आला आणि हे काम एका आज्ञेवर आले:

```
gdal_translate in.tif out.tif -of COG -co COMPRESS=DEFLATE -co OVERVIEW_RESAMPLING=MODE
```

शेवटचा पर्याय भू-आच्छादनासारख्या वर्गीकृत रास्टरसाठी आहे. रंगसारणी नसलेल्या चित्रासाठी हा ड्रायव्हर ओव्हरव्ह्यू आपणहून क्युबिक पद्धतीने करतो. उपग्रह प्रतिमेला ते शोभते, पण १० आणि ४० हे दोन वर्ग शेजारी असतील तर लहान प्रतीत २५ सारखा अस्तित्वातच नसलेला वर्ग उमटतो. पूर्ण झूमवर नकाशा बरोबर आणि दूरून पाहताना सीमांवर अनोळखी रंग, अशी तक्रार आली की कारण बहुधा हेच असते.

याच ड्रायव्हरने फाइलच्या आरंभी मांडणीची छोटी नोंद ठेवायला आणि प्रत्येक टाइलच्या आधी तिचा आकार चार बाइटांत लिहायला सुरुवात केली. दोन लाख पिक्सेल बाजूच्या रास्टरमध्ये दीड लाखाहून जास्त टाइल होतात आणि त्यांच्या जागा व आकारांच्या याद्याच मेगाबाइटमध्ये जातात. आकार टाइलपाशीच मिळाला तर दुसरी यादी वाचण्याची गरज उरत नाही. यानंतर प्रसार वेगाने झाला. अमेरिकेच्या यूएसजीएसने २०२० च्या अखेरीस लँडसॅटचा कलेक्शन २ सीओजी रूपातच दिला आणि २०२३ मध्ये ओजीसी या भू-माहितीची मानके ठरवणाऱ्या संस्थेने सीओजीला अधिकृत मानकाचा दर्जा दिला.

एक मर्यादा मानकानंतरही तशीच आहे: ही मांडणी लिहितानाच घडते आणि नंतरच्या दुरुस्तीत मोडते. तयार सीओजीत एखादी टाइल बदलली आणि कॉम्प्रेशननंतर ती पूर्वीपेक्षा मोठी झाली, तर जुन्या जागेत न मावल्याने ती फाइलच्या शेवटी जाते. मेटाडेटा वाढवला तर आयएफडीही तशीच सरकते. चांगली फाइल `gdalinfo` मध्ये `LAYOUT=COG` ही ओळ दाखवते. ती नाहीशी झाली असेल तर दुरुस्त केलेल्या फाइलवर पुन्हा वरचीच `-of COG` ची आज्ञा चालवून नवी प्रत करावी; जुने ओव्हरव्ह्यू तसेच उचलले जाऊ नयेत म्हणून तिला `-co OVERVIEWS=IGNORE_EXISTING` जोडावे आणि रास्टर वर्गीकृत नसेल तर `MODE` चा पर्याय गाळावा. आणि ओळ शाबूत असूनही नकाशा संथ असेल, तर सर्व्हरचे उत्तर पाहावे: रेंज मागूनही २०६ ऐवजी २०० येत असेल, तर तो दरवेळी अख्खी फाइल पाठवत आहे.