रिग्रेशनची मापे : आरएमएसई, आर-स्क्वेअर आणि समायोजित आर-स्क्वेअर

रिग्रेशन, म्हणजेच समाश्रयण, या पद्धतीत एका राशीवरून दुसऱ्या राशीचा अंदाज बांधतात. असा अंदाज प्रत्यक्षाच्या किती जवळ गेला हे सांगणाऱ्या संख्यांना रिग्रेशनची मापे म्हणतात. नेहमी वापरात असलेली तीन मापे अशी: आरएमएसई (वर्गित चुकांच्या सरासरीचे वर्गमूळ), आर-स्क्वेअर आणि समायोजित आर-स्क्वेअर. तिन्ही मापे एकाच कच्च्या मालातून तयार होतात. तो कच्चा माल म्हणजे अवशेष, अर्थात प्रत्यक्ष मूल्यातून अंदाज वजा केल्यावर उरणारी चूक.

```
RMSE        = √( Σ(y − ŷ)² / n )
R²          = 1 − Σ(y − ŷ)² / Σ(y − ȳ)²
Adjusted R² = 1 − (1 − R²)(n − 1)/(n − p − 1)
```

येथे y हे प्रत्यक्ष मूल्य, ŷ हा अंदाज, ȳ ही सरासरी, n ही निरीक्षणांची संख्या आणि p ही अंदाजासाठी वापरलेल्या चलांची संख्या आहे.

आरएमएसई मूळ राशीच्याच एककात येते. उंचीचा अंदाज सेंटिमीटरमध्ये असेल तर आरएमएसईही सेंटिमीटरमध्ये असते, त्यामुळे ती कामाला पुरेशी लहान आहे की नाही हे त्या विषयातला माणूस लगेच सांगू शकतो. चुकांचा वर्ग घेतला जात असल्याने मोठी चूक तिच्यात जास्त वजनाने मोजली जाते. एखाददुसरा अंदाज फार चुकला, तर बाकीचे चांगले असूनही आरएमएसई वाढते.

आर-स्क्वेअरला एकक नसते. ते एक तुलना करते. हाताशी दुसरी काहीच माहिती नसती आणि प्रत्येक वेळी नुसती सरासरीच अंदाज म्हणून सांगितली असती, तर चुकांच्या वर्गांची जेवढी बेरीज झाली असती, तिच्यापैकी किती भाग मॉडेलने कमी केला, एवढेच ते सांगते. म्हणजे आर-स्क्वेअरचा खरा प्रतिस्पर्धी ‘सरासरी’ हा आहे, आणि तो बऱ्याचदा अगदी दुबळा असतो. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला हरवणे आणि मॉडेल बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आर-स्क्वेअरबद्दलचे बहुतेक गैरसमज हा फरक विसरल्याने होतात.

घरंगळणाऱ्या गोळ्याचे उदाहरण

उतरत्या फळीवरून घरंगळणाऱ्या गोळ्याने कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम गॅलिलिओने मांडला. 1638 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने फळीतल्या खोबणीतून सोडलेला ब्राँझचा गोळा आणि पाण्याचे घड्याळ वापरून केलेल्या या प्रयोगाचे वर्णन केले आहे. पहिल्या क्षणात कापलेले अंतर 1 धरले, तर दहा क्षणांनंतरची एकूण अंतरे 1, 4, 9, 16 अशी 100 पर्यंत जातात. मापनात कोणतीही चूक नाही असे मानू आणि या दहा बिंदूंतून एक सरळ रेषा बसवू. आर या संगणकीय भाषेत त्याला तीन ओळी पुरतात:

```
x <- 1:10
y <- x^2
summary(lm(y ~ x))
```

मिळणारी रेषा आहे ŷ = 11x − 22. उत्तरात Multiple R-squared समोर 0.9498 आणि Adjusted R-squared समोर 0.9435 दिसते. हे आकडे पाहून कोणीही म्हणेल, मॉडेल उत्तम आहे.

पण आता एकेक अवशेष पाहा. ते क्रमाने असे आहेत: 12, 4, −2, −6, −8, −8, −6, −2, 4, 12. ही इकडेतिकडे विखुरलेली चूक नाही. दोन्ही टोकांना अधिक, मध्ये उणे, आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. वक्राला सरळ रेषा लावली की अवशेषांचा असा वाडगा तयार होतो. पहिल्या क्षणासाठी तर रेषेचा अंदाज −11 आहे, म्हणजे गोळा फळीवर वर चढला! या माहितीत अनिश्चिततेचा अंशही नव्हता, नियम अचूक होता, आणि तरीही 0.95 आर-स्क्वेअर असलेले मॉडेल दहापैकी एकाही ठिकाणी बरोबर ठरले नाही.

अवशेषांच्या वर्गांची बेरीज 528 होते. तिला 10 ने भागून वर्गमूळ काढले की आरएमएसई सुमारे 7.27 येते. (वरच्या उत्तरात Residual standard error म्हणून 8.124 छापले जाते, कारण तेथे 10 ऐवजी 8 ने भागतात. रेषेचा उतार आणि छेद ठरवण्यात दोन निरीक्षणांइतके स्वातंत्र्य खर्च झालेले असते. दोन अहवालांतले आकडे ताडून पाहताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.) सुरुवातीची अंतरे 1, 4 आणि 9 असताना 7.27 ची चूक किती मोठी आहे हे सांगावे लागत नाही. आर-स्क्वेअरने जे झाकले होते ते आरएमएसईने काही अंशी दाखवले, आणि अवशेषांच्या आलेखाने पूर्णपणे.

खरी परीक्षा पुढच्या क्षणांवर होते. तीच रेषा 11 ते 15 या क्षणांसाठी वापरली तर अंदाज येतात 99, 110, 121, 132 आणि 143. प्रत्यक्ष अंतरे आहेत 121, 144, 169, 196 आणि 225. आरएमएसई 7 वरून 54 वर जाते. या पाच बिंदूंवर आर-स्क्वेअर काढले तर ते सुमारे −2.18 + 1, म्हणजे −1.18 येते. ऋण आर-स्क्वेअर पाहून अनेकांना गणित चुकल्याची शंका येते, पण चूक नसते. ज्या माहितीवर रेषा बसवली तिच्यावर, रेषेत छेद ठेवलेला असेल तर, आर-स्क्वेअर शून्याखाली जात नाही. नव्या माहितीवर मात्र मॉडेल सरासरीपेक्षाही वाईट ठरू शकते, आणि तसे ठरले की ते ऋण होते.

मॉडेल तेच, आर-स्क्वेअर वेगळे

आर-स्क्वेअर मॉडेलइतकेच निरीक्षणे कुठून गोळा केली यावरही अवलंबून असते. समजा मुलांची उंची वर्षाला 6 सेंटिमीटरने वाढते, आणि एकाच वयाच्या मुलांच्या उंचीतही 6 सेंटिमीटरचे प्रमाण विचलन असते. 3 ते 15 वर्षांची मुले सर्व वयांतून सारख्या संख्येने घेतली, तर वयामुळे येणारे उंचीचे प्रसरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, सुमारे 432 होते आणि उरलेले प्रसरण 36. आर-स्क्वेअर 0.92 च्या आसपास येईल. आता फक्त 8 ते 9 वर्षांची मुले घेतली, तर वयामुळे येणारे प्रसरण 3 वर उतरते, उरलेले 36 तसेच राहते, आणि आर-स्क्वेअर जेमतेम 0.08 होते.

दोन्हीकडे नियम तोच आहे आणि आरएमएसईही तीच, सुमारे 6 सेंटिमीटर. वय सांगितले असता उंची किती अचूक सांगता येते, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही ठिकाणी एकच आहे. म्हणून दोन वेगवेगळ्या माहितीसंचांवरची आर-स्क्वेअर शेजारी ठेवून ‘हे मॉडेल त्यापेक्षा सरस’ असे म्हणणे चुकीचे आहे. आर-स्क्वेअर वाढवायचे असेल तर मॉडेलला हातही न लावता केवळ टोकाची निरीक्षणे जास्त घेतली तरी पुरते.

समायोजित आर-स्क्वेअर काय सुधारते आणि काय नाही

मॉडेलमध्ये आणखी एक चल घातले की साधे आर-स्क्वेअर कधीच कमी होत नाही, मग त्या चलाचा विषयाशी काही संबंध असो वा नसो. ही वाढ किती होते याचे नेमके गणित आहे. पूर्णपणे असंबद्ध, यादृच्छिक अशी p चले घेतली आणि चुका प्रसामान्य वितरणाच्या असल्या, तर आर-स्क्वेअरचे अपेक्षित मूल्य p/(n − 1) असते. 21 निरीक्षणे आणि 10 निरर्थक चले असली तर निव्वळ गोंगाटातून सरासरीने 0.5 आर-स्क्वेअर मिळते. थोडी माहिती आणि भरपूर रकाने असलेल्या तक्त्यांवर हा धोका सतत असतो.

समायोजित आर-स्क्वेअर या फुगवट्याची वजाबाकी करते. वरच्याच उदाहरणात आर-स्क्वेअर 0.5 असेल, तर समायोजित मूल्य 1 − 0.5 × 20/10, म्हणजे बरोबर शून्य येते. एकाच माहितीवर, एकाच राशीचा अंदाज करणाऱ्या, पण चलांची संख्या वेगळी असलेल्या मॉडेलांची तुलना करायला ते साध्या आर-स्क्वेअरपेक्षा नक्कीच चांगले.

मात्र त्याने लावलेला दंड सौम्य आहे. नवीन चलाच्या टी-मूल्याचा, म्हणजे त्याच्या गुणकाला त्या गुणकाच्या प्रमाण त्रुटीने भागून येणाऱ्या संख्येचा, चिन्हविरहित आकडा 1 पेक्षा जास्त असला की समायोजित आर-स्क्वेअर वाढते. निरर्थक चलाच्या बाबतीतही हे साधारण तीनातून एकदा घडते. त्यामुळे वीस-पंचवीस चले एकामागून एक घालून पाहणारा आणि समायोजित आर-स्क्वेअर वाढले की चल ठेवून देणारा माणूस काही कचरा हमखास आत घेतो. शिवाय हे माप फक्त चलांची संख्या मोजते. गोळ्याच्या उदाहरणात ते 0.9435 होते. वक्राला रेषा लावल्याची खबर त्याला लागलीच नाही.

काळाबरोबर सरकणाऱ्या मालिका

आर-स्क्वेअरची सर्वांत मोठी फसवणूक वर्षानुवर्षांच्या आकडेवारीत होते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी 1926 साली याचे गाजलेले उदाहरण दिले. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1866 ते 1911 या काळात एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेल्या विवाहांचे प्रमाण आणि दर हजारी मृत्युदर यांचा सहसंबंध त्यांनी काढला. तो 0.95 आला, म्हणजे आर-स्क्वेअर 0.90. विवाह कुठे लागतो याचा मृत्यूशी काही संबंध नाही. दोन्ही मालिका त्या काळात आपापल्या कारणांनी खाली येत होत्या, एवढेच. यूल यांचे स्पष्टीकरण असे की, सलग वर्षांची मूल्ये एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याला चिकटून असतो, त्यामुळे 46 वर्षांची नोंद म्हणजे 46 स्वतंत्र पुरावे नव्हेत.

क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी 1974 मध्ये हीच गोष्ट संगणकावर करून दाखवली. प्रत्येक पाऊल मागच्या जागेवरून यादृच्छिक पडते अशा, एकमेकांशी कसलाही संबंध नसलेल्या मालिकांच्या जोड्या त्यांनी तयार केल्या आणि एकीवर दुसरीचे रिग्रेशन केले. नेहमीच्या चाचणीने सुमारे तीन चतुर्थांश वेळा ‘संबंध आहे’ असा निर्वाळा दिला. अशा ठिकाणी अवशेषही एकमेकांना चिकटून चालतात. बरीच वर्षे सलग अधिक, मग बरीच वर्षे सलग उणे. डर्बिन-वॉटसन हे माप ते पकडते. अवशेषांत चिकटपणा नसेल तर ते 2 च्या जवळ असते, आणि चिकटपणा वाढेल तसे शून्याकडे जाते. आर-स्क्वेअर हे डर्बिन-वॉटसनच्या आकड्यापेक्षा मोठे दिसले की संबंध आभासी असल्याची शंका घ्यावी, हा आडाखा याच कामातून आला. अशा वेळी मूळ आकड्यांऐवजी दर वर्षी झालेल्या बदलांवर रिग्रेशन करून पाहतात. संबंध केवळ एका दिशेने सरकण्याचा असेल, तर 0.90 च्या घरातले आर-स्क्वेअर तेथे शून्याजवळ येते.